डेमोची वेळ ठरवायचा मेसेज कसा लिहावा? समोर नागपूरजवळच्या वाडीचे ट्रान्सपोर्टवाले आहेत

अमरावती_रोड | मंगळवार, रात्री ११:५२

मंडळी, आमची पाच जणांची कंपनी आहे. ट्रान्सपोर्ट ऑफिससाठी बिल्टी आणि ई-वे बिलाचं सॉफ्टवेअर विकतो. प्रोग्रॅमिंग दोघं बघतात, दारोदार फिरणं माझ्याकडे.

मागच्या आठवड्यात वाडीला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कार्ड देऊन आलो होतो. तेव्हा शेठजी फोनवर होते, मान हलवली आणि एवढंच. आज रात्री १०:४० ला त्यांचा व्हॉट्सॲप आला, जसाच्या तसा देतो:

> भाऊ आपल्याकडे गाडी बदलली का पार्ट बी चा घोळ होते. तुमच्यात ते आपोआप होते का. रेट काय

मी उद्या सकाळी पाठवायला हा मसुदा केला आहे:

> नमस्कार सर, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रस दाखवल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आमचे सॉफ्टवेअर बिल्टी, ई-वे बिल, ड्रायव्हर खाते, डिझेल खाते, पार्टी लेजर, जीएसटी रिपोर्ट अशा २५ हून अधिक सुविधांनी परिपूर्ण आहे. सोबत माहितीपत्रक जोडले आहे. आपल्याला प्रत्यक्ष डेमो द्यायला आम्हाला आनंद होईल. शुक्रवार ११ तारखेला किंवा आपल्या सोयीने कधीही वेळ असल्यास कृपया कळवावे.

सोबत १४ पानांची पीडीएफ. पाठवू का? काही बदलायचं असेल तर सांगा.

---

तर्री_जास्त | मंगळवार, रात्री ११:५९

मेसेज कायले लिहून राहिला भाऊ? फोन लाव ना! ज्याचा मेसेज आला त्याले पाच मिनिटांत फोन नाही गेला तर तो दुसऱ्याकडे गेला समज. आणि एक, व्हॉट्सॲपवर बिझनेस खातं असलं तर २४ तासानंतर तुले लिहिताच येत नाही, कंपनी अडवते. म्हणजे उद्या रात्री १०:४० नंतर खेळ खल्लास. आत्ताच उचल फोन.

---

अमरावती_रोड | बुधवार, रात्री १२:०४

रात्री बाराला?

---

तर्री_जास्त | बुधवार, रात्री १२:०६

ट्रान्सपोर्टवाले जागेच असतात रे.

---

जुना_फिरस्ता | बुधवार, सकाळी ६:४०

तर्रीभाऊंचं अर्धं बरोबर आहे, आणि तेच अर्धं या धंद्यात मोलाचं आहे: उत्तर आजच गेलं पाहिजे. पण रात्री बाराला फोन नको. जागे असतात ते गाडी भरायला जागे असतात, तुमच्याशी बोलायला नाही.

२४ तासांचं जे म्हणाले ते व्हॉट्सॲपच्या एपीआय सेवेचं आहे. मोठ्या कंपन्या सॉफ्टवेअरमधून मेसेज सोडतात ना, त्यांना ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तास मोकळं लिहिता येतं, त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेला मेसेजच पाठवता येतो. तुमच्या फोनवर जे साधं बिझनेस ॲप आहे त्याला हे बंधन नाही. दोन दिवसांनीही लिहू शकाल. तेव्हा या घाईत काही करू नका.

आता मसुद्याबद्दल. शेठजींनी काय विचारलं ते परत वाचा. गाडी बदलली की पार्ट बी चा घोळ होतो, तुमच्यात ते होतं का? तुमच्या मसुद्यात या प्रश्नाचं उत्तर कुठेच नाही. २५ सुविधा आहेत, आभार आहेत, १४ पानं आहेत, पण पार्ट बी हा शब्दसुद्धा नाही. माणसाने स्वतःहून आपलं दुखणं नाव घेऊन सांगितलं, तेही रात्री पावणेअकराला. म्हणजे बहुतेक त्याच वेळी ते त्याच घोळात बसले असणार. "रेट काय" असं नुसतं विचारणारे महिन्याला पुष्कळ येतात, त्यातले बरेचसे सध्याच्या सॉफ्टवेअरवाल्याशी घासाघीस करायला आकडा गोळा करत असतात. स्वतःच्या कामातली अडचण सांगणारा वेगळा. त्याच्याशी बोलणं त्याच अडचणीपासून सुरू करायचं.

म्हणून आधी मला सांगा, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ते खरंच आपोआप होतं का?

---

अमरावती_रोड | बुधवार, सकाळी ७:१५

पूर्ण आपोआप नाही. गाडीचा नंबर एकदा टाकला की त्या ट्रिपमध्ये जेवढ्या बिल्ट्या आहेत त्या सगळ्यांच्या ई-वे बिलाच्या पार्ट बी मध्ये तो एकदम जातो. आत्ता ते पोर्टलवर एकेक बिल उघडून टाकत असतील. पण नंबर टाकावा तर लागतोच. गाडी बदलली हे सॉफ्टवेअरला स्वप्नात कसं कळणार.

---

जुना_फिरस्ता | बुधवार, सकाळी ७:३१

मग तेच लिहा, असंच. "आपोआप नाही, पण एकदा नंबर टाकला की सगळ्यांत जातो." नुसतं "होय होतं" म्हणालात आणि डेमोत नंबर टाकताना दिसलात, तर पहिल्या पाच मिनिटांत भरवसा गेला. हा खोटेपणा त्यांना पकडायला कॉम्प्युटर यावा लागत नाही.

---

गांधीबागवाला | बुधवार, सकाळी ९:१०

सॉफ्टवेअर चांगलं दिसते. आमची औषधांची होलसेल आहे. एक्स्पायरी दोन महिने आधी दाखवते का? आणि बॅचनुसार परतावा? रेट सांगा.

---

अमरावती_रोड | बुधवार, सकाळी ९:१८

दादा, आमचं ट्रान्सपोर्टसाठी आहे, औषधांसाठी नाही. धागा मेसेज कसा लिहावा यावर आहे.

---

गांधीबागवाला | बुधवार, सकाळी ९:२५

बरं. पण रेट सांगितला असता तर काय बिघडलं असतं.

---

बिल्टीबाबू | बुधवार, सकाळी १०:०२

मी या शेठजींच्या बाजूचा माणूस आहे. त्यांच्या ऑफिसचा नाही, पण वाडीतच एका ट्रान्सपोर्टमध्ये बिल्ट्या आणि हिशेब बघतो, बरीच वर्षं झाली. धागा वाचला म्हणून लिहितो.

पार्ट बी चा घोळ म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे डेमोत काय दाखवायचं ते समजेल. बुटीबोरीची पार्टी माल पाठवते तेव्हा ई-वे बिलाचा पार्ट ए पार्टीच भरते. बुटीबोरीहून वाडीच्या गोडाऊनला माल छोट्या गाडीने येतो. एकाच राज्यात पार्टीकडून ट्रान्सपोर्टरच्या जागेपर्यंत ५० किलोमीटरच्या आत असलं तर त्या टप्प्याला पार्ट बी मध्ये गाडी नंबर टाकायची गरज नसते. माल गोडाऊनला उतरतो, मग रात्री मोठ्या गाडीत भरतो, तेव्हा पार्ट बी. एका गाडीत वीस-तीस पार्ट्यांचा माल. प्रत्येकाचं बिल उघडा, गाडी नंबर टाका. हे होईपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. आणि मग ड्रायव्हर म्हणतो, टायर गेला, दुसरी गाडी लावा. की पुन्हा वीस-तीस. एखादं राहून गेलं तर रस्त्यात तपासणीला कागदावर वेगळी गाडी, माल वेगळ्या गाडीत. गाडी अडकते, पार्टी आमच्या नावाने ओरडते.

त्यात मुदतीचं गणित वेगळं. दर २०० किलोमीटरला एक दिवस, आणि घड्याळ पार्ट बी पहिल्यांदा भरला की सुरू होतं. रायपूरला जवळपास २८५ किलोमीटर म्हणजे दोन दिवस मिळतात. म्हणून आम्ही पार्ट बी लवकर भरून ठेवत नाही, गाडी लागली की भरतो. सगळं काम त्यामुळेच रात्रीवर येतं.

आता तुमचा शुक्रवार. ११ तारीख मासिक रिटर्नवाल्यांच्या जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख. पार्ट्यांचे फोन आदल्या दिवसापासूनच सुरू होतात, हे बिल दिसत नाही, तो नंबर चुकला. त्या दिवशी डेमो म्हटलं तर शेठजी कदाचित हो म्हणतील, पण ज्या माणसाने बघायला पाहिजे तो मान वर करणार नाही.

---

जुना_फिरस्ता | बुधवार, सकाळी १०:२०

बिल्टीबाबू, तुम्ही जे लिहिलं ते मला दहा डेमोंत कळलं नसतं. एक विचारतो. ऑफिसात निवांत वेळ कधी असतो?

---

बिल्टीबाबू | बुधवार, सकाळी १०:२९

आमच्याकडे सकाळी ११:३० ते १. त्याआधी रात्रीच्या गाड्यांची विचारपूस, कुठे पोहोचली, कोणाचा माल उतरला. दुपारी ४ नंतर बुकिंग सुरू, मग रात्रीपर्यंत कोणी कोणाचा नसतो. शनिवारी आमच्याकडे संध्याकाळी ड्रायव्हरांचा हिशेब, पण दुपारी रिकामं असतं. हे आमचं झालं, त्यांचं थोडं वेगळं असू शकते.

---

मिहानकर_टेस्टर | बुधवार, सकाळी ११:०५

मी थोडा वेगळा अनुभव सांगतो. आम्ही मिहानमधून अमेरिकेतल्या ग्राहकांना सॉफ्टवेअर टेस्टिंगची सेवा देतो. तिथे डेमोची वेळ मेसेजमध्ये लिहून भागत नाही. ते लोक वर्षभर "ईएसटी" लिहितात, जुलैतही, जेव्हा घड्याळ उन्हाळी वेळेवर असतं. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे ६:३० आणि हिवाळ्यात ७:३०. त्यांचं "ईएसटी" शब्दशः धरलं तर जुलैत तुम्ही तासभर उशिरा पोहोचाल. म्हणून आम्ही दोन वेळा सुचवतो आणि होकार आला की लगेच कॅलेंडरचं आमंत्रण टाकतो, ते ज्याचं त्याच्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवतं. तुम्हीपण आमंत्रण टाकाच. त्यातच मीटिंगची लिंक जाते आणि आठवणही करून देतं. मी तर म्हणेन होकाराची वाटही बघू नका, सरळ टाका, नको असेल तर ते नाकारतील.

---

बिल्टीबाबू | बुधवार, सकाळी ११:१२

आमचे शेठजी ईमेल उघडत नाहीत. ईमेल मीच उघडतो, तोही पार्टीने बिल पाठवलं असं सांगितल्यावर.

---

जुना_फिरस्ता | बुधवार, सकाळी ११:४०

मिहानकर, तुमच्या ग्राहकासाठी आमंत्रण अगदी बरोबर. इथे दोन्ही बाजू एकाच घड्याळावर, आणि डेमो समोरासमोर. शिवाय न विचारता कोणाच्या कॅलेंडरमध्ये जागा अडवणं मला तरी पटत नाही. अजून नीट ओळख नाही, आणि तुम्ही त्याची दुपार ठरवून मोकळे.

आता अमरावती_रोड, तुमची खरी अडचण ही आहे. माणूस आज तापलेला आहे, पण १० आणि ११ तारीख हातच्या गेल्या. आज बुधवार ९. डेमो लवकर घ्यावा तर हिशेबनीस नाही, उशिरा घ्यावा तर शेठजींचा उत्साह ओसरतो. मी असं करीन: प्रश्नाचं उत्तर आज, डेमो शनिवारी किंवा सोमवारी. उत्तरासोबत पीडीएफ नको. तुमच्या स्क्रीनवर एका ट्रिपचा गाडी नंबर बदलतानाचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठवा, आवाज नाही, संगीत नाही. वीस बिल्ट्यांचा नंबर एकदम बदललेला दिसला की बास. ते शनिवारपर्यंत त्यांच्या फोनात राहील, मुनीमाला दाखवतील, मुलाला दाखवतील.

वेळ मागताना "आपल्या सोयीने कधीही" हे काढून टाका. ऐकायला नम्र वाटतं, पण काम समोरच्यावर ढकलतं. त्याने आता आपला आठवडा डोळ्यासमोर आणायचा, मुनीमाला विचारायचं, मग तुम्हाला लिहायचं. एवढं कोण करतं? तो "बघतो" म्हणतो आणि गाडी भरायला जातो. दोन नेमक्या वेळा दिल्या की त्याला फक्त "शनिवार" एवढं लिहायचं असतं.

आणि त्या दोन वेळा का निवडल्या ते अर्ध्या ओळीत लिहा. "११ तारखेचं रिटर्न झाल्यावर" एवढं वाचलं की त्यांना कळतं, या पोराला आपलं काम माहीत आहे.

माझा मसुदा:

> नमस्कार शेठजी. पार्ट बी बद्दल तुम्ही विचारलं. पूर्ण आपोआप नाही होत, पण गाडी नंबर एकदाच टाकावा लागतो, तो त्या ट्रिपच्या सगळ्या बिल्ट्यांत जातो. गाडी बदलली तरी तसंच. खाली छोटा व्हिडिओ आहे.
>
> तुमच्याच गाडीवर करून दाखवतो. ११ तारखेचं रिटर्न झाल्यावर, शनिवार १२ ला दुपारी १२ वाजता की सोमवार १४ ला ११:३० ला? तुमच्या ऑफिसात येतो, २५ मिनिटं लागतील. बिल्ट्या जे भाऊ करतात ते सोबत असले तर बरं.
>
> रेट गाड्या आणि ऑफिस किती त्यावर ठरतो, तो तिथेच सांगतो.

२५ मिनिटं लिहिलीत तर २५ मध्येच उठायचं. त्यातली पहिली पंधरा फक्त पार्ट बी. डिझेल खातं, ड्रायव्हर खातं त्यांनी विचारलं तरच.

---

तर्री_जास्त | बुधवार, दुपारी १२:१०

सगळं बरोबर, पण रेट? त्याने दुसरा प्रश्न तोच विचारला आणि तुम्ही "तिथेच सांगतो"? मी असतो तर तिथेच सोडून दिलं असतं. गांधीबागवाले भाऊपण तेच म्हणून राहिले.

---

गांधीबागवाला | बुधवार, दुपारी १२:१५

बरोबर. रेट लपवला की मी पुढे वाचत नाही.

---

जुना_फिरस्ता | बुधवार, दुपारी १२:४८

मी रेट आधी सांगायच्या विरोधात आहे. आकडा आधी गेला की त्याच्या डोळ्यासमोर फक्त आकडा राहतो, काम दिसायच्या आधीच महाग ठरतं. पण तुमच्या दोघांचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. मुद्दाम विचारलेला प्रश्न टाळणं हेही वाईटच दिसतं. निदान "इतक्यापासून सुरू" असा खालचा आकडा द्यावा का, याबद्दल माझं मत पक्कं नाही. अमरावती_रोडने आपल्या भागीदारांना विचारून ठरवावं.

---

बिल्टीबाबू | बुधवार, दुपारी १:०५

एक बारीक गोष्ट. "तुमच्याच गाडीवर करून दाखवतो" म्हणजे काय करणार? खऱ्या पोर्टलवर?

---

अमरावती_रोड | बुधवार, दुपारी १:१०

हो, त्यांचं लॉगिन घेऊन एक ई-वे बिल तिथेच तयार करून दाखवायचा विचार होता. प्रत्यक्ष झालेलं दिसलं की पटतं.

---

बिल्टीबाबू | बुधवार, दुपारी १:२२

अजिबात नको. खऱ्या पोर्टलवर निघालेलं बिल खरं असतं. रद्द करायला २४ तास मिळतात, आणि रस्त्यात अधिकाऱ्याने ते तपासलं असेल तर रद्द होतच नाही. दाखवायला म्हणून काढलेलं बिल रद्द करायचं विसरलात तर त्यांच्या खात्यावर न निघालेल्या मालाचं बिल पडून राहील. उद्या कोणी विचारलं तर उत्तर शेठजींनी द्यायचं. शिवाय पहिल्याच भेटीत पोर्टलचा पासवर्ड मागणारा माणूस, मी तर दारातच थांबवला असता.

टेस्ट खात्यावर दाखवा. त्यांच्याकडून एका जुन्या ट्रिपची यादी मागा, पार्ट्यांची नावं झाकून चालेल. गाडी नंबर, गाव, बिल्ट्या किती, एवढं तुमच्या टेस्ट खात्यात आधी भरून न्या. शेठजींना आपली ट्रिप ओळखू आली पाहिजे, एवढंच.

---

जुना_फिरस्ता | बुधवार, दुपारी १:३०

मान्य. मसुद्यात ती ओळ बदला: "तुमची एक जुनी ट्रिप पाठवलीत तर त्यावरच करून दाखवतो, पार्टीची नावं झाकली तरी चालेल." आणि यात एक फायदाही आहे. ज्याने ट्रिपचा फोटो पाठवला तो डेमोला बहुतेक बसतोच. ज्याने "हो या" म्हटलं पण काही पाठवलं नाही, त्याचं पक्कं धरू नका.

---

अमरावती_रोड | बुधवार, दुपारी २:४०

पाठवला. रेटचं भागीदारांशी बोललो. एक म्हणाला सांगू नको, दुसरा म्हणाला सांग. शेवटी "एका ऑफिसचा वर्षाचा रेट असतो, गाड्या किती त्यावर थोडा वर-खाली, तिथे कागदावर देतो" असं लिहिलं. आकडा नाही टाकला. व्हिडिओ ३५ सेकंदांचा झाला.

निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर नाही. आता पुढे काय, संध्याकाळी परत विचारू?

---

तर्री_जास्त | बुधवार, दुपारी २:४४

हव विचार. गरम आहे तोवर.

---

जुना_फिरस्ता | बुधवार, दुपारी ३:२०

नको. आज ४ नंतर ते बुकिंगमध्ये, उद्या-परवा रिटर्नमध्ये. मध्येच "पाहिलंत का" विचारलं तर तुम्हीच लिहिलेली "रिटर्न झाल्यावर" ही ओळ खोटी पडते. शुक्रवारी दुपारी एक ओळ, तीही नवीन काही घेऊन. उदाहरणार्थ, "उद्या १२ वाजता वाडीतच आहे, यायचं का?" आणि खरंच तिकडे जाणार असाल तरच लिहा. त्यालाही उत्तर नाही आलं तर पुढच्या आठवड्यात एकदा, आणि मग थांबायचं. तिसऱ्यानंतर लिहिलेलं कोणी वाचत नाही, नंबर म्यूट करतात. पुढे गाडी अडकली की त्यांना स्वतःहून तुमची आठवण येईल, तेव्हा तुम्ही म्यूट नसलेलं बरं.

"बघू" आलं तर तो नकार समजू नका, होकारही समजू नका. "बघू, पुढच्या महिन्यात" आलं तर महिना लिहून ठेवा. पण त्या महिन्यात आपला पोळा कधी आहे तेही बघा. दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते, इतवारीकडून येणारा माणूस वेळेवर पोहोचत नाही आणि अर्धा बाजार बंद असतो. बाहेरगावची कंपनी अशा दिवशी डेमो मागते आणि मग वैतागते.

---

मिहानकर_टेस्टर | बुधवार, संध्याकाळी ५:१५

जुना_फिरस्ता, आमंत्रणाबद्दल माझं अजून तेच मत आहे. शेठजींना नसेल, पण त्यांच्या मुलाला किंवा अकाउंटंटला कॅलेंडर चालतं. आणि तुम्ही तिसऱ्यावर थांबा म्हणता, आमच्याकडे सातव्या मेसेजला होकार आलेले ग्राहक आहेत.

---

जुना_फिरस्ता | बुधवार, संध्याकाळी ६:०२

तुमच्याकडे ग्राहक समुद्रापलीकडे आहे, सात मेसेजनंतर तो रस्त्यात भेटत नाही. वाडीत सगळे एकमेकांच्या गोडाऊनला चहा पितात. एका शेठने "हा लई त्रास देते" म्हटलं की शेजारचे चार गेले.

---

अमरावती_रोड | गुरुवार, सकाळी ८:५०

रात्री ११:१५ ला उत्तर आलं:

> शनिवार चालते. मी नाही राहणार, नांदगावपेठला जाणार आहे. पोरगा राहील. त्याले दाखवा

सोबत एका ट्रिपचा फोटो आहे, २२ बिल्ट्या, पार्टीची नावं पेनाने खोडलेली. खूश व्हावं की नाही कळत नाही. पैसे देणारा माणूसच नसेल तर डेमो सोमवारवर ढकलू का?

---

तर्री_जास्त | गुरुवार, सकाळी ९:०२

ढकल. पोरासमोर नाचून काय उपयोग. सही बापाचीच लागते.

---

बिल्टीबाबू | गुरुवार, सकाळी ९:३०

ढकलू नका. आमच्याकडे कॉम्प्युटरचं सगळं शेठजींचा मुलगाच ठरवतो, शेठजी फक्त रेट तोडतात. नावं खोडून फोटो पाठवला म्हणजे कोणीतरी बसून ते केलं आहे, शेठजींनी तर नक्कीच नाही. मुलाला विचारून घ्या की बिल्ट्या करणारा माणूस असेल ना. तो नसला तर मात्र सोमवारच बरा.

---

जुना_फिरस्ता | गुरुवार, सकाळी १०:१५

मीही शनिवारच म्हणेन, पण तर्रीभाऊंची शंका खोटी नाही. मुलगा खूश झाला आणि शेठजींना घरी जाऊन दोन वाक्यांत सांगता आलं नाही, तर तुम्हाला पुन्हा डेमो द्यावा लागतो. म्हणून मुलाला डेमोनंतर काहीतरी हातात द्या. त्यांच्याच ट्रिपवर २२ बिल्ट्यांचा नंबर बदलल्याचं रेकॉर्डिंग आणि रेटचा कागद. आणि शेठजींना आजच एवढं लिहा: "चालेल, शनिवारी १२ ला मुलाला दाखवतो. तुम्ही आल्यावर पाच मिनिटं फोनवर बोलू, सोमवारी ११:३० ला?" सोमवारची वेळ तुम्ही आधी दिलीच होती, ती वाया घालवू नका.

---

अमरावती_रोड | गुरुवार, सकाळी १०:४०

पाठवलं. "हव" आलं. मुलाचा नंबरही दिला.

मुलाला आता लिहितो की बिल्ट्यावाले भाऊ असतील का. आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा-साडेसहाला आठवण म्हणून एक मेसेज टाकीन. गोडाऊनला पत्र्याचं छत आहे, नेट चालतं की नाही माहीत नाही, म्हणून रेकॉर्डिंग लॅपटॉपवरच ठेवतोय आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घेऊन जातोय.

---

बिल्टीबाबू | गुरुवार, सकाळी १०:५५

आठवण सहाला नको, तेव्हा बुकिंग जोरात असते आणि शुक्रवारी रिटर्नची शेवटची पळापळ वेगळी. मेसेज खाली जाईल. शनिवारी सकाळी दहाला टाका, मुलगा तेव्हा ऑफिसात येऊन बसलेला असतो. लॅपटॉपचा चार्जर आणि लांब वायर न्या, टेबलाजवळच्या पिनेवर कायम प्रिंटर लावलेला असतो आणि तो ते काढू देणार नाहीत.